छोट्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं वेळापत्रक: एसटी, पाऊस आणि न सांगता येणारे पेशंट धरून

कोकण किनाऱ्यावर एकट्या डॉक्टरचा दवाखाना नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी, आणि अशा दवाखान्यात काउंटर सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. शहरातल्या क्लिनिकचं सॉफ्टवेअर घेतलं की ते दर पंधरा मिनिटांनी एक नाव टाकून देतं. आपल्याकडे ते पहिल्या आठवड्यातच कोलमडतं. आपला पेशंट घड्याळ बघून घरातून निघत नाही, एसटी बघून निघतो. पाऊस कोसळला की गाडीच येत नाही. आणि निम्मे लोक वेळ न घेता थेट येतात, कारण त्यांच्या लेखी दवाखाना म्हणजे जाऊन बसायचं आणि नंबर लागला की आत जायचं.

म्हणून इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेतो. देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावातला जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना धरा. एक डॉक्टर, काउंटरवर एक ताई. सकाळची ओपीडी साडेनऊ ते एक. आतल्या वाड्यांतून येणारी एसटी ९.४० ला आणि ११.१० ला पोचते. परतीची गाडी ११.२० ला आणि सव्वा वाजता. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे निघतील. पण ते काढायची रीत हीच.

पहिली पायरी: दोन आठवडे फक्त वेळ लिहा

वेळापत्रक आखायला बसण्याआधी एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे, म्हणजे कामाचे बारा दिवस, प्रत्येक पेशंटसमोर पाच गोष्टी लिहा. तो दवाखान्यात कधी आला, त्याला वेळ दिली होती का आणि कोणती, आत कधी गेला, बाहेर कधी आला, आणि काम काय होतं. काम दोन-तीन शब्दांतच लिहायचं: ‘बीपी परत’, ‘नवा ताप’, ‘ड्रेसिंग’.

यात एक खाच आहे. पेशंट दारातून बाहेर पडला म्हणजे डॉक्टर मोकळे झाले असं नसतं. केसपेपर पुरा करायचा असतो, हात धुवायचे असतात, लॅबवाल्याचा फोन असतो. म्हणून बाहेर कोणी थांबलेलं असेल तेव्हा एक पेशंट आत गेल्यापासून दुसरा आत जाईपर्यंतचा वेळ मोजा. खरा लागणारा वेळ तो. बाहेर कोणी नसल्यामुळे डॉक्टर नुसते बसले असतील तर तो वेळ यात धरू नका. तो वेगळा लिहा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्या उदाहरणात बारा दिवसांनंतर असं दिसलं. बीपी-शुगर परत दाखवायला आलेल्यांना सरासरी ७ मिनिटं लागतात. नव्या तक्रारीला १०. आणि काही कामं लांबतात: पहिल्यांदाच आलेला जुना मधुमेही, ज्याच्यासोबत रिपोर्टांची पिशवी असते, ईसीजी काढायचा असलेला पेशंट, किंवा तपासून, समजावून मोठ्या दवाखान्यात पाठवायचा पेशंट. यांना २० मिनिटं.

स्लॉट किती मिनिटांचा?

सरासरी ७ आली म्हणून ७ मिनिटांचा स्लॉट लावायचा मोह होतो. तो टाळा. ही ७ मिनिटं कशी तयार झाली ते वहीत बघा. परत दाखवायला आलेल्या दहा जणांपैकी आठ जण पाच-सहा मिनिटांत उरकतात, एकाला दहा लागतात, आणि एखाद्या आजी अशा असतात की बीपी दाखवता दाखवता ‘गेले चार दिवस छातीत भरल्यासारखा वाटता’ असं सांगतात. तिथे अठरा मिनिटं जातात, आणि ती जायलाच हवीत.

आता ७ मिनिटांचे स्लॉट पाठोपाठ लावलेले असतील तर या आजींमुळे मागचा प्रत्येक जण अकरा मिनिटं मागे पडला. पाच मिनिटांत आटोपलेल्यांची उरलेली दोन-दोन मिनिटं तेवढी परत मिळवून देत नाहीत, कारण पुढचा पेशंट अजून आलेलाच नसेल तर ती मिनिटं तशीच वाया जातात. वाचलेला वेळ साठवता येत नाही, झालेला उशीर मात्र मागच्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. वेळापत्रकाचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

म्हणून १० मिनिटांचा एक खाना धरा. परत दाखवायचं असो वा नवी तक्रार, एक खाना. लांबणाऱ्या कामाला दोन खाने. यापेक्षा जास्त प्रकार करू नका. फोनवर काउंटरच्या ताईला ‘पहिल्यांदा येताय का? सोबत जुने रिपोर्ट आहेत का?’ एवढे दोनच प्रश्न विचारून ठरवता आलं पाहिजे.

साडेनऊ ते एक म्हणजे २१० मिनिटं, म्हणजे २१ खाने. ते सगळे भरायचे नाहीत. आपण १२ खाने वेळ घेऊन येणाऱ्यांना देऊ: आठ छोटी कामं आणि दोन लांब, मिळून दहा पेशंट. ६ खाने थेट येणाऱ्यांना. ३ पूर्ण रिकामे.

पडताळून बघा. आठ छोट्या कामांत पाच परत दाखवणारे आणि तीन नवे धरले तर ६५ मिनिटं होतात. दोन लांब कामांची ४०. थेट येणाऱ्या सहांना प्रत्येकी ९ मिनिटांप्रमाणे ५४. एकूण १५९, म्हणजे २१० च्या साधारण तीन चतुर्थांश. बाजाराच्या दिवशी थेट येणारे सहाऐवजी नऊ झाले तरी बेरीज १८६ वर जाते आणि ओपीडी एकच्या आत आवरते. हा भार पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांच्या पुढे रोजच जात असेल तर स्लॉट कसेही फिरवा, बाक भरलेलेच राहतील. तेव्हा ओपीडीची वेळ वाढवणं किंवा बीपी मोजणं, साखर बघणं, ड्रेसिंग बदलणं अशी कामं बाहेर नर्सकडे देणं हाच उपाय.

खाने मांडताना एसटी समोर ठेवा

खाने किती ते ठरलं. आता कुठला कुठे बसवायचा. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात.

९.४० ची गाडी आली की सात-आठ माणसं एकदम उतरतात. त्यांतल्या तिघा-चौघांना तुम्ही वेळ दिलेली असते, बाकीचे थेट आलेले. तुम्ही कोणाला १०.२० दिली असेल आणि कोणाला ११, तरी सगळे पावणेदहाला बाकावर असतात. शिवाय ११.२० ची परतीची गाडी चुकली तर त्यांना सव्वा वाजेपर्यंत अडकून पडावं लागतं. याउलट गावातला माणूस चालत पाच-दहा मिनिटांत येतो. त्याला अकराची वेळ दिली तर तो खरंच अकराला येऊ शकतो.

यातून मांडणी आपोआप सुचते. गाडी येण्याआधीचे खाने गावातल्या लोकांना. गाडी आल्यानंतर दहा मिनिटांनी थेट येणाऱ्यांचा पहिला खाना, आणि मग एक वेळ दिलेला, एक थेट असं आलटूनपालटून. परतीच्या गाडीच्या आधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात वाडीवरचे दाखवून मोकळे झालेले असतील असं बघायचं. आपल्या दवाखान्याची सकाळ अशी दिसते:

९.३० आणि ९.४०: गावातले दोघे
९.५०: थेट
१०.००: गाडीने येणारा, वेळ दिलेला
१०.१०: थेट
१०.२०: गाडीने येणारा
१०.३० ते १०.५०: गाडीने येणारा, लांब काम
१०.५०: रिकामा
११.०० आणि ११.१०: गावातले दोघे
११.२०: थेट
११.३०: दुसऱ्या गाडीने येणारा
११.४०: थेट
११.५०: दुसऱ्या गाडीने येणारा
१२.००: रिकामा
१२.१० ते १२.३०: लांब काम
१२.३० आणि १२.४०: थेट
१२.५०: रिकामा

पहिल्या दोघांना, ९.३० वाल्याला आणि ९.४० वाल्याला, दोघांनाही साडेनऊलाच यायला सांगा. सुरुवातीला दोन पेशंट हजर असावेत आणि पुढचे सरासरी वेळेच्या अंतराने यावेत, ही सूचना बेली आणि वेल्च यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांबद्दल लिहिताना केली होती. कारण सरळ आहे. एकच जण बोलावला आणि त्यालाच उशीर झाला तर डॉक्टर सकाळीच रिकामे बसतात. अट मात्र एकच: डॉक्टरांनी साडेनऊला खुर्चीत असायचं. ते दहाला येत असतील तर ओपीडी दहाची आहे असंच मांडा. पेशंटला खोटी वेळ सांगून काही साधत नाही.

तीन रिकामे खाने कुठे आहेत तेही बघून घ्या. पहिले दोन प्रत्येक गाडीची गर्दी ओसरायच्या जागी आहेत. आदल्या तासात साचलेला उशीर तिथे जिरतो. ते सगळे शेवटी ढकलले तर साडेदहाचा उशीर साडेबारापर्यंत तसाच चालत राहतो. काउंटरवरून ‘डॉक्टर, दहापन्नासला कोणी नाही, एक टाकू का?’ असा प्रश्न रोज येईल. उत्तर ‘नाही’ असं ठरलेलं असू द्या.

थेट येणाऱ्यांशी कसं वागायचं

त्यांना दटावून किंवा ‘वेळ घेऊनच या’ अशी पाटी लावून हा प्रश्न सुटणार नाही. ज्याच्या वाडीवर मोबाईलला रेंज नाही त्याने फोन कुठून करायचा? त्यांचे खाने हक्काचे आहेत असं धरा आणि दारात दिसेल असं लिहा: वेळ दिलेला एक, थेट आलेला एक. लोकांना थांबायचा त्रास होतोच, पण आपल्या मागून आलेला आधी आत का गेला हे कळलं नाही की चिडचिड जास्त होते.

थेट आलेला माणूस काउंटरवर आला की ताईने नाव लिहिण्याआधी त्याच्याकडे बघायचं. छातीत दुखतंय, दम लागलाय, साप चावलाय, शुद्ध हरपते आहे, रक्त थांबत नाही: यांना खाना नसतो, ते सरळ आत जातात आणि गरज पडली तर १०८ ला फोन जातो. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांत जबर दुखणं असेल, लघवी कमी झाली असेल, तर लेप्टोची शंका धरून त्यालाही पुढे घ्या. ही यादी डॉक्टरांनी स्वतः लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवावी.

वेळ देऊनही उशिरा आलेल्याला परत पाठवू नका. ‘गाडी चुकली म्हणान उशीर झालो’ हे आपल्याकडे बहुतेक वेळा खरं असतं. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर चालवून घ्या. त्यापुढे तो थेट येणाऱ्यांच्या रांगेत बसतो, एवढाच नियम. सगळ्यांना सारखाच, सरपंचांनाही.

वेळ घेऊन न येणारे: सरासरी इथे फसवते

बारा दिवस, रोज दहा अपॉइंटमेंट, म्हणजे १२० नोंदी. त्यांतले १८ जण आले नाहीत. १५ टक्के. पुस्तकी हिशोब इथून सुरू होतो: दहांतले दीड जण येत नाहीत, तर रोज एक-दोन जादा लिहून ठेवू.

तो हिशोब आधी करून बघू. प्रत्येक जण येण्याची शक्यता ०.८५. दहाऐवजी अकरा लिहिले तर सगळेच्या सगळे अकरा येण्याची शक्यता म्हणजे ०.८५ ला स्वतःशीच गुणत अकरा वेळा घ्यायचं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ०.१७ च्या आसपास येतं. म्हणजे सहा दिवसांतून एकदा एक जण जास्त होईल. चालण्यासारखं आहे. बारा लिहिले तर दहापेक्षा जास्त जण येण्याची शक्यता ४४ टक्क्यांवर जाते. जवळपास एक दिवसाआड गर्दी. म्हणजे एक जादा ठीक, दोन नकोत, असं वाटतं.

पण या गणितात एक गोष्ट गृहीत धरली आहे: प्रत्येक जण आपापल्या कारणाने येतो किंवा येत नाही, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आपल्याकडे हे खरं नसतं. वही पुन्हा उघडा आणि ते १८ जण तारखेप्रमाणे मांडा. बारापैकी दोन दिवस धो धो पाऊस होता, साकवावरून पाणी गेलं होतं आणि पहिली गाडी आलीच नाही. त्या दोन दिवसांच्या २० नोंदींपैकी १३ जण गैरहजर. उरलेल्या दहा दिवसांच्या १०० नोंदींत गैरहजर फक्त ५.

आता चित्र पार बदललं. नेहमीच्या दिवशी न येणारे १५ टक्के नाहीत, ५ टक्के आहेत. अशा दिवशी अकरा जण लिहिले तर सगळे अकरा येण्याची शक्यता ०.९५ अकरा वेळा गुणून ०.५७ येते. म्हणजे ज्या जादा नोंदीमुळे सहा दिवसांतून एकदा गर्दी होईल असं वाटलं होतं, तिच्यामुळे पाचांतले जवळपास तीन दिवस गर्दी होणार. आणि पावसाच्या दिवशी ती एक जादा नोंद काहीच कामाची नाही, कारण तिथे सहा-सात जागा रिकाम्या पडतात. सरासरी दोन्हीकडे चुकते.

म्हणून गैरहजेरी मोजताना तीन ढीग वेगळे करा. गाडी न आल्यामुळे न आलेले. फार दिवस आधी वेळ दिलेले. आणि बाकीचे. तिघांना उपाय वेगवेगळे आहेत, आणि जादा नोंद त्यांतल्या एकालाच लागू पडते.

पावसाच्या दिवसांसाठी हाकेच्या अंतरावरची यादी ठेवा. गावातले पाच-सहा पेशंट असे असतात ज्यांना या आठवड्यात कधीही आलं तरी चालतं: महिन्याची बीपीची तपासणी, रिपोर्ट दाखवणं, टाके काढणं. त्यांची नावं आणि फोन एका पानावर. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर आदल्या संध्याकाळी गाडीने येणाऱ्यांना फोन करून विचारा आणि हवं असेल तर तारीख बदलून द्या. सकाळी गाडी आली नाही असं कळलं की मग यादीतल्या लोकांना बोलवा. क्रम महत्त्वाचा आहे. अलर्ट बघून आदल्या दिवशीच जादा नावं लिहून ठेवली आणि सकाळी ऊन पडलं, गाडी वेळेवर आली, तर दोन्हीकडचे लोक बाकावर बसतील.

फार दिवस आधी वेळ दिलेल्यांचा उपाय काउंटरवर आहे. महिन्यानंतरच्या मंगळवारी ११.३० ही वेळ कोणाच्या लक्षात राहत नाही. वेळ जितकी लांबची, तितके न येणारे जास्त, हा जवळजवळ सगळीकडचा अनुभव आहे. म्हणून महिन्याच्या पेशंटला फक्त आठवडा सांगा, ‘पुढच्या महिन्यात दुसऱ्या आठवड्यात या’, आणि त्याआधी दोन-तीन दिवस फोन करून वार आणि वेळ पक्की करा. फोन घरातला जो उचलतो त्याचाच नंबर घ्या. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तो बहुधा सुनेचा किंवा नातवाचा असतो.

मग जादा नोंद कधी?

हे दोन ढीग बाजूला काढले की फारच थोडं उरतं. त्यातही थेट येणारे पेशंट रिकाम्या जागा आपोआप भरतात. ९.५० चा थेट माणूस बसलेला असताना १०.०० वाला आला नाही तर डॉक्टर रिकामे बसत नाहीत, पुढचा थेट आत जातो. ज्या क्लिनिकमध्ये फक्त अपॉइंटमेंटवरच पेशंट घेतात तिथे जादा नोंदीला अर्थ आहे. आपल्याकडे ती अगदी शेवटी वापरायची.

तरी काही वेळा गरज पडते. कोणाला आजच दाखवायचंय आणि वेळ दिलेले खाने भरले आहेत, पण एका खान्यातल्या पेशंटला काल दोनदा फोन लावूनही उत्तर आलं नाही. अशा वेळी एकच जादा नोंद करा, आणि या अटींवर. ती छोट्या कामाची असावी, लांब कामावर कधीच नाही. ती रिकाम्या खान्याच्या लगेच आधीच्या खान्यावर असावी. आपल्या वेळापत्रकात ती जागा ११.५० ची. दोघंही आले तर दुसरा १२.०० च्या रिकाम्या खान्यात जातो आणि १२.१० वाल्याला काही कळतही नाही. जादा माणूस गावातला असावा, गाडीवर अवलंबून असलेला नको. आणि त्याला आधीच स्पष्ट सांगा: ‘काका, पावणेबाराच्या आसपास या, दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागेल, चालेल ना?’ बाजाराच्या दिवशी आणि सोमवारी जादा नोंद नाहीच.

कुठे बिघडलंय ते कसं ओळखायचं

नवं वेळापत्रक दोन आठवडे चालवा आणि तीच वही पुन्हा भरा. थांबायचा वेळ मोजताना दिलेली वेळ आणि येण्याची वेळ यांतली जी नंतरची असेल तिथून मोजा. नाहीतर ११.३० ची वेळ असलेला आणि पहिल्या गाडीने आलेला माणूस ‘दोन तास थांबला’ असं दिसेल आणि तुम्ही उगाच स्लॉट बदलत बसाल.

मग दिवसभरातला थांबायचा वेळ कसा चढतो ते बघा. पहिल्या पेशंटपासूनच सगळे वीस मिनिटं थांबत असतील आणि शेवटपर्यंत साधारण तेवढेच थांबत असतील, तर ओपीडी उशिरा सुरू होते आहे. स्लॉटला हात लावू नका. थांबणं हळूहळू वाढत जाऊन बाराला सगळ्यात जास्त होत असेल तर खाना कमी पडतो आहे किंवा लांब कामं छोट्या खान्यात लिहिली जात आहेत. नव्या पेशंटच्या ओळी तपासा, बहुतेक तिथेच सापडेल. गाडीनंतर एकदम उसळी येऊन अर्ध्या-पाऊण तासात उतरत असेल तर थेट येणाऱ्यांचे खाने पुरेसे आहेत, फक्त जागा चुकली आहे. ते गाडीच्या जवळ सरकवा. आणि डॉक्टर मधेच दहा-दहा मिनिटं रिकामे बसतात, तरी साडेबाराला गर्दी होते, असं असेल तर गावातल्या लोकांना चुकून उशिराच्या वेळा दिल्या जात आहेत. ते गाडीआधीच्या खान्यांत आणा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर निदान एक आठवडा तशीच राहू द्या. स्लॉटही वाढवला आणि थेट खानेही हलवले तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

एसटीचं वेळापत्रक बदललं की त्याच दिवशी खानेही सरकवायचे. डेपोत किंवा कंडक्टरकडे विचारून ठेवा. शाळा सुरू होताना आणि सुट्टीत गाड्या बदलतात.

हंगामाप्रमाणे खान्यांची संख्याही हलते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी आणि तांडेल घरी असतात. गुडघा, पाठ, जुनी जखम असं वर्षभर ढकललेलं दुखणं घेऊन ते सकाळी येतात. त्याच दिवसांत लावणीवाले मात्र सकाळी शेतात असतात, त्यांना संध्याकाळ द्या. मार्च ते मे आंब्याच्या बागांत आणि पॅकिंगला असलेले लोक सकाळी मुळीच येत नाहीत. गणपतीच्या आठवड्यात मुंबईहून चाकरमानी येतात आणि आईवडिलांना सोबत घेऊन येतात, ‘मी आलोय तोवर सगळं एकदा नीट बघून घ्या’ असं म्हणत. ती सगळी लांब कामं असतात, आणि मुलगा समोर असताना औषधांचा, तपासण्यांचा निर्णय एका बैठकीत होतो. त्या आठवड्यात रोजच्या दोन लांब कामांच्या जागी चार ठेवा. त्यासाठी लागणारे चार खाने महिन्याच्या बीपीवाल्यांकडून घ्या, आणि त्या लोकांना चतुर्थीआधीच फोन करून पुढचा आठवडा द्या.